फोनवर ठरलेलं काम त्याच दिवशी ई-मेलवर कसं आणावं

साठ वस्तूंचे फोटो काढायचे, एका वस्तूला साडेचारशे, पंधरा-वीस दिवसांत द्यायचे. काही वर्षांपूर्वी फोनवर एवढंच ठरलं आणि मी कामाला लागले. मी वस्तूंची फोटोग्राफी करते, कॅटलॉगसाठी आणि ऑनलाइन विक्रीसाठी. साठ वस्तूंचे साठ फोटो काढून, साफ करून पाठवले, तेव्हा पलीकडून विचारणा आली, ‘बाकीचे फोटो कधी देताय?’ त्यांनी एका वस्तूचे तीन फोटो धरले होते: समोरून, बाजूने आणि जवळून. मी एकच धरला होता. दोघंही खरं बोलत होतो. फोनवर ‘वस्तूंचे फोटो’ एवढाच शब्द आला होता आणि तो दोघांनी आपापल्या परीने ऐकला. तोवर वस्तू परत गेल्या होत्या. त्या पुन्हा मागवून आणखी 120 फोटो मी त्याच पैशात काढून दिले, कारण दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

तेव्हापासून फोनवर ठरलेलं ई-मेलवर आणल्याशिवाय मी कॅमेरा हातात घेत नाही. हा मेल भांडणात पुरावा म्हणून उपयोगी पडतोच, पण त्याचं पहिलं काम वेगळं आहे. दोघांच्या समजुतीत कुठे फरक असेल तर तो काम सुरू होण्याआधी बाहेर यावा, यासाठी तो लिहायचा असतो. त्या दिवशी फरक निघाला तर एक फोन पुरतो. काम झाल्यावर निघाला तर कोणाला तरी भुर्दंड बसतोच. म्हणून मेल असा लिहावा की समोरच्याला चूक दाखवणं सोपं जाईल. गोलमोल मेलला ‘हो’ पटकन येतं, पण त्या ‘हो’चा पुढे काही उपयोग होत नाही.

फोन चालू असतानाच

मेलची तयारी फोनवरच सुरू होते. मी समोर कागद ठेवते आणि त्यावर तारीख आणि फोनची वेळ आधी टाकते. बोलताना वाक्यं लिहीत नाही. फक्त आकडे, तारखा आणि ज्याचे दोन अर्थ होतील असे शब्द टिपते.

आपल्या बोलण्यात असे शब्द पुष्कळ आहेत. ‘परवा’ म्हणजे उद्यानंतरचा दिवस आणि कालच्या आदला दिवसही. ‘आठ-दहा दिवसांत’ म्हटलं की देणारा दहा धरतो आणि घेणारा आठ. ‘पुढच्या शुक्रवारी’ म्हणजे या आठवड्यातला की त्यानंतरचा, यावर एका घरातली दोन माणसं एकमत होत नाहीत. ‘साधारण तीसपर्यंत जाईल’ यात तीस हजारांच्या आत की तीसच्या आसपास, हे सांगणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसतं. आणि ‘बघू’, ‘होऊन जाईल’, ‘ते धरून चला’ हे शब्द ऐकायला होकारासारखे वाटतात, पण त्यात काहीच ठरलेलं नसतं. असा शब्द आला की मी कागदावर त्याच्याभोवती गोल करते आणि फोन ठेवण्याआधी विचारते, ‘आठ-दहा म्हणजे आपण तारीख कोणती धरू?’

फोन संपवताना तीन गोष्टी करायच्या. आकडे एकदा वाचून दाखवायचे. समोरच्याला हे ठरवण्याचा अधिकार आहे की वरिष्ठांना विचारावं लागेल, हे सरळ विचारायचं. आणि ‘आत्ता जे ठरलं ते संध्याकाळपर्यंत मेलवर पाठवते, एकदा बघून घ्या’ असं सांगून ठेवायचं. हे शेवटचं वाक्य सांगितलेलं असलं की मेल अचानक येत नाही. मग ‘आमच्यावर विश्वास नाही का’ असंही कुणाला वाटत नाही.

कधी आणि कोणाला

त्याच दिवशी पाठवावा, जमलं तर काही तासांतच. दुसऱ्या दिवशी आपल्याला बोलणं आठवतं ते आपल्या सोयीने आठवतं, आणि हे दोन्ही बाजूंना लागू आहे. उशिराचं आणखी एक नुकसान आहे. काम अर्धं झाल्यावर पाठवलेला मेल हा ठरलं तेव्हाची नोंद उरत नाही. तो वाद लागल्यावर मांडलेल्या बाजूसारखा दिसतो.

मेल बोललेल्या व्यक्तीलाच पाठवावा. ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याकडे असेल तर त्यालाही सीसीमध्ये घ्यावं, पण बोललेल्या व्यक्तीला तसं सांगून. बीसीसीत मात्र कोणालाही घालू नये. ज्या नोंदीवर दोघांनी विसंबायचं ती कोणाकोणाकडे आहे, हे दोघांनाही दिसायला हवं.

विषयाची ओळ सहा महिन्यांनी शोधता येईल अशी लिहावी. ‘आपल्या बोलण्याप्रमाणे’ या विषयाचे माझ्याकडे पूर्वी कित्येक मेल होते आणि हवा तो कधीच पटकन सापडत नसे. आता मी कामाचं नाव, एखादा आकडा आणि फोनची तारीख विषयात घालते.

रक्कम लिहिताना

नुसती एकूण रक्कम लिहिली की पुढे प्रश्न निघतात. रकमेच्या मागे एक एकक असतं, म्हणजे दर कशाला आहे: वस्तूला, फोटोला, तासाला, दिवसाला की सगळ्या कामाला मिळून. माझी पहिली चूक याच जागी झाली होती. म्हणून दर, एकक, संख्या आणि गुणाकार हे चारही एका ओळीत लिहावेत. गुणाकार उघड लिहिला की समोरचा तो करून बघतो, आणि त्याच्या मनातला आकडा वेगळा असेल तर तिथेच थांबतो.

कर त्या रकमेत धरला आहे की वेगळा, हे स्पष्ट लिहावं. फोनवर करावर कोणी बोलत नाही आणि बिल आल्यावर मात्र दोघंही त्यावरच बोलतात. दोन देशांमधलं काम असेल तर चलन लिहावं आणि बँकेचा खर्च कोणाचा हेही लिहावं. या लेखात मी नुसते आकडे ठेवले आहेत, तुमच्या मेलमध्ये त्यापुढे चलन हवंच.

पैसे कधी द्यायचे, हा रकमेइतकाच मोठा मुद्दा आहे. ‘काम झाल्यावर’ असं कधीही लिहू नये. काम कधी झालं? फोटो पाठवले तेव्हा, त्यांनी पसंत केले तेव्हा, की कॅटलॉग छापून आला तेव्हा? ज्या घटनेची तारीख दोघांनाही दिसते अशा घटनेला पैसे बांधावेत. ‘अंतिम फोटो पाठवल्याच्या तारखेपासून 15 दिवसांत’ यात ‘पाठवल्याची तारीख’ मेलवरच असते. ‘पसंत पडल्यावर’ची तारीख समोरच्याच्या मनात असते.

अंदाज आणि ठरलेला दर यांत फरक करणंही महत्त्वाचं आहे. तुम्ही फोनवर फक्त अंदाज दिला असेल तर मेलमध्येही ‘अंदाज’ हाच शब्द वापरावा आणि तो कशावर बदलेल ते सांगावं. अंदाजाला दराचा पोशाख चढवला की तो तुमच्याच अंगावर येतो.

कामात काय आहे आणि काय नाही

काम मोजता येईल अशा शब्दांत लिहावं. ‘चांगल्या दर्जाचे फोटो’ यात मोजण्यासारखं काही नाही. ‘प्रत्येक वस्तूचे 3 फोटो, पांढरी पार्श्वभूमी, धूळ आणि बारीक ओरखडे काढून’ हे मोजता येतं. दुरुस्त्या किती वेळा करून देणार, हे लिहायचं लोक हमखास विसरतात. ‘एकदा सुचवलेल्या सगळ्या दुरुस्त्या’ असं लिहिलं की समोरचा माणूस आपल्या सूचना गोळा करून एकत्र पाठवतो आणि दोघांचेही दिवस वाचतात.

त्याखाली ‘यात नाही’ अशी एक ओळ असावी. ही ओळ लिहायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण समोरच्याने जे गृहीत धरलेलं असतं ते नेमकं याच ओळीत बाहेर येतं. ‘यात नाही’मध्ये जगातली प्रत्येक गोष्ट लिहायची नाही. अशा कामात लोक सहसा काय धरून चालतात ते आठवायचं आणि त्यातल्या दोन-तीन गोष्टी लिहायच्या. माझ्या कामात त्या म्हणजे मॉडेलसोबतचे फोटो, व्हिडिओ आणि वस्तूंची ने-आण.

तारखा

प्रत्येक तारखेसोबत वार लिहावा. वार आणि तारीख जुळत नसतील तर कुठेतरी चूक आहे, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. ‘7/8’ असं कधीही लिहू नये. काही जण ते 7 ऑगस्ट वाचतात आणि काही जण 8 जुलै. महिना अक्षरांतच लिहावा.

बहुतेक तारखा एकट्या नसतात. मी फोटो 26 तारखेला देईन, पण त्यासाठी वस्तू 8 तारखेपर्यंत माझ्याकडे यायला हव्यात. म्हणून समोरच्याकडून येणाऱ्या गोष्टींच्या तारखाही त्याच यादीत, आपल्या तारखांच्या शेजारी लिहाव्यात. उशीर झाला तर तो कुठून सुरू झाला, हे मग यादीत आपोआप दिसतं.

जे बोलण्यात आलंच नव्हतं

सगळ्यात जास्त सांभाळायची जागा ही. मेल लिहायला बसलं की फोनवर राहून गेलेल्या गोष्टी आठवतात, आणि त्या ठरलेल्या गोष्टींच्या यादीत सहज घालून टाकाव्यात असा मोह होतो. तो टाळावा. समोरच्याने न बोललेली एक जरी अट ‘ठरल्याप्रमाणे’ म्हणून वाचली, तर त्याचा बाकीच्या दहा ओळींवरचा विश्वासही जातो. पुढे वाद झाला तर ‘या मेलमध्ये त्यांनी स्वतःच्या अटी घुसवल्या होत्या’ असं म्हणायला त्याला जागा मिळते.

म्हणून मी मेलचे दोन भाग करते. वरच्या भागात फक्त फोनवर ठरलेलं असतं. खालच्या भागात ‘ठरायचं बाकी’ आणि ‘माझी सूचना’ अशा वेगळ्या ओळी असतात. सूचना ही सूचना म्हणूनच जाते आणि तिला वेगळं ‘हो’ मागितलेलं असतं.

आता पूर्ण मेल बघू. काम पहिल्यासारखंच आहे, 60 वस्तूंचं, पण या वेळी फोनवर नीट विचारून घेतलेलं.

> विषय: 60 वस्तूंची फोटोग्राफी: 2 जूनच्या फोनवर ठरलेलं
>
> नमस्कार मॅडम,
>
> आज, मंगळवार 2 जून 2026 रोजी, दुपारी साडेबाराच्या सुमारास आपलं फोनवर बोलणं झालं. त्यात जे ठरलं ते माझ्या समजुतीप्रमाणे खाली लिहीत आहे.
>
> काम: 60 वस्तूंचे प्रत्येकी 3 फोटो (समोरून, तिरक्या बाजूने, जवळून एक तपशील), एकूण 180. पार्श्वभूमी पांढरी. धूळ आणि बारीक ओरखडे काढणं यात धरलं आहे. आपण एकदा एकत्र सुचवलेल्या दुरुस्त्याही यात धरल्या आहेत.
>
> यात नाही: मॉडेलसोबतचे फोटो, व्हिडिओ, वस्तूंची ने-आण.
>
> दर: एका वस्तूला, तिन्ही फोटो मिळून, 450. 60 × 450 = 27,000. कर वेगळा.
>
> पैसे: 9,000 काम सुरू होण्याआधी. उरलेले 18,000 अंतिम फोटो पाठवल्याच्या तारखेपासून 15 दिवसांत.
>
> तारखा: वस्तू माझ्याकडे सोमवार 8 जूनपर्यंत. पाहण्यासाठी सगळे फोटो शुक्रवार 26 जूनला. आपल्या दुरुस्त्या मंगळवार 30 जूनपर्यंत. अंतिम फोटो शुक्रवार 3 जुलैला.
>
> ठरायचं बाकी: फोटो फक्त वेबसाइटसाठी आहेत की छापील कॅटलॉगसाठीही? फाइलचा आकार त्यावर ठरेल. शुक्रवार 5 जूनपर्यंत कळवाल का?
>
> माझी सूचना (हे बोलण्यात आलं नव्हतं): वस्तू यायला उशीर झाला तर पुढच्या तारखाही तितकेच दिवस पुढे न्याव्यात. आपल्याला चालेल का?
>
> वर लिहिलेलं आपल्या बोलण्याप्रमाणे असेल तर ‘बरोबर आहे’ एवढं उत्तर पुरेसं आहे. काही वेगळं असेल तर ती ओळ दुरुस्त करून पाठवा. आपलं उत्तर आणि आगाऊ रक्कम आली की मी 8 जूनपासूनचे दिवस आपल्या कामासाठी राखून ठेवते.
>
> आपली,
> (नाव, फोन)

यात ‘माझ्या समजुतीप्रमाणे’ हे शब्द मुद्दाम आहेत. ‘आपण मान्य केल्याप्रमाणे’ असं लिहिलं तर वाचणारा आधी बचावाला लागतो, आणि मग तो ओळी तपासत नाही, हेतू तपासतो. शेवटचं वाक्यही बघा. उत्तर का हवं याचं कारण त्यात आहे: दिवस राखून ठेवायचे आहेत. कारण कळलं की माणसं लवकर उत्तर देतात.

मेलला जोडपत्र म्हणून वेगळी फाइल जोडण्यापेक्षा मजकूर मेलमध्येच लिहावा. उत्तर देताना तो खाली तसाच राहतो, आणि ‘बरोबर आहे’ हे कशाला म्हटलं होतं यावर शंका उरत नाही.

उत्तर आलं नाही तर

‘दोन दिवसांत हरकत आली नाही तर मान्य आहे असं समजू’ असं वाक्य बरेच जण लिहितात. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. आपण एकतर्फी लिहून समोरच्याच्या गप्प राहण्याचा अर्थ ठरवू शकत नाही, आणि बऱ्याच कायद्यांत गप्प राहणं म्हणजे होकार धरत नाहीत. मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीसाठी 1980 मध्ये व्हिएन्नात झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात कलम 11 म्हणतं की विक्रीचा करार लेखीच असला पाहिजे असं नाही. त्याच करारातलं कलम 18 सांगतं की नुसतं गप्प राहणं किंवा काही न करणं हा आपोआप होकार होत नाही.

याला अपवादही आहेत. अमेरिकेच्या एकसमान व्यापारी संहितेत, दोन व्यापाऱ्यांमध्ये मालाचा सौदा तोंडी ठरला आणि एकाने वाजवी वेळात लेखी पुष्टी पाठवली, तर ती मिळालेल्याने 10 दिवसांत लेखी हरकत घ्यायची असते. नाही घेतली तर ‘लेखी काही नव्हतं’ हा बचाव त्याला पुढे मिळत नाही. सौदा झाला होता हे मात्र तरीही सिद्ध करावं लागतं. जर्मनीतही व्यापाऱ्यांमधल्या पुष्टीपत्राला वेळेत हरकत न घेणं महागात पडू शकतं. याची दुसरी बाजू आपल्यालाही लागू आहे. आपल्याला असा पुष्टीचा मेल आला आणि त्यातली एखादी ओळ चुकीची असेल, तर ‘नंतर बोलू’ म्हणून सोडून देऊ नये. त्याच दिवशी, लेखी, ती ओळ चुकीची आहे हे कळवावं.

उत्तर येत नसेल तर मी दोन दिवसांनी त्याच मेलवर एक ओळ लिहिते आणि मग फोन करते. फोनवर ‘हो हो, बरोबर आहे’ मिळालं तर त्याच मेल-उत्तरांच्या धाग्यात लिहिते: ‘आज, गुरुवार 4 जून रोजी सकाळी फोनवर आपण वरचं सगळं बरोबर असल्याचं सांगितलंत. एकदा इथेही कळवा, म्हणजे मी दिवस राखून ठेवते.’ तरीही शब्द आला नाही पण आगाऊ रक्कम आली, तर तीही मोठी खूण आहे. मेलमध्ये 9,000 लिहिलेले होते आणि बरोबर 9,000 जमा झाले, तर त्यांनी मेल वाचून त्याप्रमाणे पाऊल टाकलं हे कोणालाही समजावून देता येतं. पैसे मिळाल्याची पोच मी त्याच धाग्यात देते.

‘बरोबर आहे, फक्त…’

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त येणारं उत्तर हेच, आणि नोंद बिघडते तीही इथेच. समजा मॅडमनी उत्तर दिलं: ‘बरोबर आहे, फक्त एका वस्तूला चार फोटो करा आणि उरलेले पैसे जुलैअखेर देऊ. बाकी ठीक.’

घाईत मी ‘ठीक आहे’ लिहिलं तर चार फोटो मी जुन्याच दरात मान्य केले, असा त्याचा सरळ अर्थ होतो. त्यांचं उत्तर होकारासारखं दिसत असलं तरी तो नवा प्रस्ताव आहे. तेव्हा आधी फोन करून बोलून घ्यावं आणि मग बदललेल्या ओळी नव्याने पूर्ण लिहून पाठवाव्यात. नुसता फरक लिहू नये. ‘70 जास्त’ एवढंच लिहिलं तर ते वस्तूमागे की फोटोमागे, हा जुना घोळ परत सुरू होतो.

> फोनवर बोलल्याप्रमाणे बदललेल्या ओळी अशा:
>
> काम: 60 वस्तूंचे प्रत्येकी 4 फोटो (चौथा मागून), एकूण 240.
>
> दर: एका वस्तूला, चारही फोटो मिळून, 520 (आधी 450). 60 × 520 = 31,200. कर वेगळा.
>
> पैसे: 9,000 काम सुरू होण्याआधी. उरलेले 22,200 शुक्रवार 31 जुलै 2026 पर्यंत.
>
> अंतिम फोटो: मंगळवार 7 जुलै (आधी 3 जुलै).
>
> 2 जूनच्या मेलमधल्या बाकीच्या ओळी तशाच राहतील. बरोबर आहे ना?

‘बाकीच्या ओळी तशाच राहतील’ हे वाक्य लहान आहे, पण ते नसेल तर नवा मेल जुन्याच्या जागी आला की त्याला जोडून आला, हा प्रश्न उरतो. या मेलला ‘हो’ आलं की नोंद पूर्ण झाली. कुणीही दोन मेल आणि एक उत्तर वाचून सगळं काम सांगू शकेल, आणि माझी कसोटी हीच असते. आपल्या दोघांपैकी कोणीही समोर नसताना तिसऱ्या माणसाला या धाग्यावरून बिल बनवता आलं पाहिजे.

काम चालू असताना बदल

काम सुरू झाल्यावर बोलणं पुन्हा फोनवर आणि मेसेजवर जातं. ‘त्या मोठ्या तीन वस्तू राहू देत’ असा निरोप येतो आणि आपण मान डोलावून पुढे जातो. इथे मोठा मेल लागत नाही. त्याच धाग्यात आधी काय होतं, आता काय आहे आणि पैशात किंवा तारखेत काय फरक पडतो एवढं लिहावं: ‘आजच्या फोनप्रमाणे 60 ऐवजी 57 वस्तू. 57 × 520 = 29,640. आगाऊ 9,000 वजा जाता उरलेले 20,640. तारखा त्याच.’ फरक काहीच पडत नसेल तर तेही लिहावं, कारण नंतर गप्प राहण्यातून समोरचा आपल्याला हवा तो अर्थ काढतो.

नवा विषय टाकून नवा मेल सुरू करू नये. एकाच कामाचे चार धागे झाले की प्रत्येक जण आपल्या सोयीचा धागा उघडतो. आणि उत्तर देताना जुन्या मजकुरात मध्येच शब्द बदलू नयेत, रंग देऊनही नाही. पुढे पाठवताना रंग उडतो आणि कोणतं वाक्य कोणाचं हे कळेनासं होतं.

जपून ठेवताना

मेलचा स्क्रीनशॉट हा शेवटचा उपाय आहे. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, पण मेल खरंच कुठून कसा आला याची माहिती नसते. पीडीएफमध्येही ती सहसा येत नाही. ती मेलच्या शीर्षमाहितीत असते: पाठवल्याची वेळ टाइम झोनसकट, सर्व्हरचे टप्पे आणि `Message-ID` नावाचा खास क्रमांक. म्हणून महत्त्वाच्या कामाचा मूळ मेल `.eml` फाइल म्हणून उतरवून घ्यावा. जीमेलमध्ये मेलच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत `Download message` असा पर्याय असतो. आपण पाठवलेले आणि आपल्याला आलेले, दोन्ही उतरवावेत. काम कंपनीच्या मेलवरून केलं असेल तर हे आणखी निकडीचं, कारण नोकरी बदलली की तो मेलबॉक्स आपला राहत नाही. फोनवर बोलताना लिहिलेला तो कागदही मी फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवते.

हा मेल कुठे पुरत नाही

काही व्यवहारांना कायद्याने ठरावीक स्वरूपाचा दस्त आणि सह्या लागतात. जमीन आणि घर हे त्यातले नेहमीचे. तिथे असा मेल ही फक्त बोलण्याची आठवण असते. आधीपासून सही केलेला करार असेल आणि त्यात ‘बदल फक्त दोघांच्या सहीने’ असं कलम असेल, तर फोनवर ठरलेला बदल मेलवर आणून भागेलच असं नाही. आधी ते कलम काढून वाचावं. आणि तुमचा हेतू अजून बांधून घेण्याचा नसेल, वकील करार तयार करत असतील आणि सही झाल्यावरच काम पक्कं होणार असेल, तर तेही मेलच्या पहिल्याच ओळीत लिहावं: ‘ही फक्त चर्चेची नोंद आहे, करारावर सह्या होईपर्यंत कोणतीही बाजू बांधील नाही.’ नाहीतर तुम्ही नोंद म्हणून लिहिलेला मेल समोरचा करार म्हणून दाखवू शकतो. ‘बरोबर आहे’ असं उत्तर देणाऱ्यालाही हे लागू आहे. ज्याला अजून विचार करायचा आहे त्याने ‘बोलणं असंच झालं होतं, होकार सोमवार 8 जूनपर्यंत कळवतो’ असं लिहावं.